थर्मल आणि नाइट व्हिजन लूक: नुसता रंग चढवू नका, या चुका टाळा

व्हिडिओ तयार करणाऱ्या मॉडेलला वर्णन लिहून देताना 'थर्मल' किंवा 'नाइट व्हिजन' हा शब्द टाकला की काम झालं, असं नवीन मंडळींना वाटतं. मग हाती येतं ते साधंच रात्रीचं दृश्य, वरून हिरवा नाहीतर जांभळा-केशरी मुलामा दिलेलं. कॅमेरा नेमकं काय टिपतो हे वर्णनात आलं नाही, तर मॉडेल तरी ते कुठून आणणार?

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे थर्मल दृश्यात उजेडाचे शब्द लिहिणं. ओळखीतल्या एका मुलाने मला वर्णन पाठवलं होतं: 'थर्मल कॅमेरा, हिरवी झाक, चांदण्यात उभी गाडी, काचेआड लालभडक ड्रायव्हर, हेडलाइटचा झोत.' दहा वेळा चालवूनही जमत नाही, म्हणाला. जमणार कसं? एकेक शब्द तपासू. थर्मल कॅमेरा साधारण 8 ते 14 मायक्रॉन लांबीच्या उष्णतेच्या लहरी टिपतो, चांदणं नाही. चांदणं लिहिलं की मॉडेल निळसर उजेड आणि सावल्या आणतं. हेडलाइटचा झोतही या कॅमेऱ्याला दिसत नाही, फार तर दिव्याची तापलेली काच उजळ दिसेल. आणि मुख्य म्हणजे गाडीची काच या लहरींना जवळजवळ अपारदर्शक असते. काचेआडचा ड्रायव्हर दिसतच नाही, तिथे सपाट राखाडी तुकडा दिसतो.

आम्ही ते वर्णन नव्याने लिहिलं: 'व्हाइट हॉट थर्मल दृश्य, करडे रंग. नुकतीच थांबलेली गाडी, बॉनेट आणि टायर उजळ, दरवाजे गडद. बंद काचा सपाट राखाडी. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली, तिथे चेहरा पांढरा, नाकाचा शेंडा आणि केस जरा गडद. निरभ्र आकाश काळंभोर. कडा किंचित धूसर, बारीक तपशील नाही.' व्हाइट हॉट म्हणजे जितकं गरम तितकं पांढरं. या वर्णनात एकही उजेडाचा शब्द नाही, तरी गाडी आत्ताच आली आणि आत कोणीतरी आहे हे कळतं. ड्रायव्हर दाखवायचा हट्ट असेल तर काच खाली करायची, दुसरा मार्ग नाही. चष्मा लावलेल्या माणसाच्या डोळ्यांवरही गडद तुकडेच लिहा.

मी लिहायला बसण्याआधी कागदावर तीन रकाने करते: गरम, कोमट, थंड. फ्रेममधली प्रत्येक वस्तू त्यात टाकते आणि मगच वाक्य लिहिते. 'सावली नको' असं मात्र लिहीत नाही. पुष्कळ मॉडेलं 'नको' सोडून 'सावली' तेवढी उचलतात. त्याऐवजी 'सगळीकडे सपाट छटा, फरक फक्त तापमानाचा' असं लिहिते. आयर्नबो, म्हणजे जांभळ्यापासून केशरी-पिवळ्यापर्यंतचं, किंवा इंद्रधनुषी पॅलेट हवं असेल तर ते शेवटी.

दुसरी चूक: हिरवं नाइट व्हिजन आणि थर्मल यांची सरमिसळ. नाइट व्हिजन उष्णता पाहत नाही. त्याच्या यंत्रातली नळी आत आलेला अंधुक प्रकाश आणि दिसणाऱ्या लाल रंगाच्या लगतचं इन्फ्रारेड हजारो पटींनी वाढवून फॉस्फर या चमकणाऱ्या पदार्थाच्या पडद्यावर दाखवते. हिरवा रंग त्या फॉस्फरचा. म्हणून इथे उलट सगळं लागू होतं: सावल्या हव्यात, काच पारदर्शक हवी, माणसाचं अंग चमकता कामा नये. हिरवी पानं मात्र उजळ दिसतात, कारण ती हेच लगतचं इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतात. लांबच्या दिव्याभोवती गोल वलय, गडद भागात सतत लुकलुकणारे बारीक ठिपके, आणि गोल चौकटीबाहेर निखळ काळा रंग, एवढं लिहिलं की चित्र नळीतून आल्यासारखं वाटतं. इन्फ्रारेड दिवा लावला असेल तर जनावराचे डोळे चमकवा आणि मागची भिंत झपाट्याने अंधारात जाऊ द्या. घाईत 'हिरवा फिल्टर' लिहिणारे यातलं काहीच सांगत नाहीत, आणि मग हिरव्या रंगात बुडालेलं दुपारचं दृश्य मिळालं की मॉडेलला नावं ठेवतात.

'फोर-के', 'सिनेमॅटिक', 'अतिशय सुस्पष्ट' हे शब्द काढून टाका. पुष्कळ थर्मल सेन्सर 640 गुणिले 512 पिक्सेलचे किंवा त्याहून लहान असतात.

थर्मलमध्ये छापील पाटीवरची अक्षरं वाचता यावीत असा आग्रह धरू नका, शाई आणि कागद एकाच तापमानाला असतात.

हालचालीत सेन्सरची सवय दाखवायची असेल तर थर्मल क्लिप मध्येच क्षणभर गोठवा. आतलं शटर बंद करून कॅमेरा स्वतःला सारखं करतो, तेव्हा तसं होतं. चुलीसारखं फार गरम काही फ्रेममध्ये आलं, तर बाकीचं दृश्य एकदम गडद होतं, हेही लिहा.

कोपऱ्यातले आकडे, क्रॉसहेअर, तापमानाची पट्टी हे वर्णनात मागू नका. मॉडेल आकडे वेडेवाकडे काढतं आणि ते फ्रेमगणिक बदलतात. ते एडिटिंगमध्ये वरून बसवा.