मॉडरेशनचे निष्कर्ष लिहिताना या चुका टाळा: सलग मॉडरेटर, सिंपल स्लोप आणि आलेख

एका चलाचा परिणाम दुसऱ्या चलाच्या, म्हणजे मॉडरेटरच्या, पातळीनुसार बदलतो तेव्हा त्याला मॉडरेशन म्हणतात. मानसशास्त्रातील शोधनिबंधांत मॉडरेशनचा भाग बहुधा एका ठरावीक वाक्याने संपतो: कमी सामाजिक आधार असलेल्यांमध्ये ताणाचा परिणाम सार्थक होता, जास्त आधार असलेल्यांमध्ये तो सार्थक नव्हता, म्हणून आधार ताणापासून संरक्षण देतो. वाक्य सुबक दिसते, पण त्यातील ‘म्हणून’ चुकीच्या जागी उभे आहे. ते कसे, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरणातील आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, परंतु अशा आकाराचे निकाल प्रत्यक्षात वरचेवर दिसतात.

समजा, 200 व्यक्तींकडून तीन मापन घेतले आहेत. ताण (सरासरी 20, प्रमाण विचलन 6), सामाजिक आधार (12 ते 48 गुणांची मापनश्रेणी, सरासरी 30, प्रमाण विचलन 8) आणि 0 ते 60 गुणांच्या श्रेणीवर नैराश्याची लक्षणे. ताण आणि आधार यांचा सहसंबंध −.30 आहे. दोन्ही चलांमधून त्यांची सरासरी वजा करून केलेल्या रिग्रेशनमधून हे समीकरण मिळते:

```
Y = 14.00 + 0.60 X − 0.20 W − 0.04 XW
```

येथे X म्हणजे ताण, W म्हणजे आधार हा मॉडरेटर आणि Y म्हणजे नैराश्याची लक्षणे. आंतरक्रियेचा गुणांक −0.04, त्याची प्रमाण त्रुटी 0.0125, t(196) = −3.20, p = .002, आणि आंतरक्रियेच्या पदामुळे R² मध्ये पडलेली भर सुमारे .04. ताणाचा उतार W च्या कोणत्याही किमतीला 0.60 − 0.04W इतका असतो. त्यामुळे आधार सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलनाने कमी असताना (W = −8) तो 0.92 येतो आणि तितकाच जास्त असताना (W = +8) 0.28. मॉडरेटरच्या ठरावीक पातळीवरच्या अशा उतारांनाच सिंपल स्लोप म्हणतात.

दोन p-मूल्यांची तुलना म्हणजे मॉडरेशनचा पुरावा नव्हे

कमी आधाराच्या उताराची प्रमाण त्रुटी 0.143 आहे, म्हणून t = 6.43 आणि p < .001. जास्त आधाराच्या उताराची प्रमाण त्रुटी 0.154, t = 1.82, p = .070. येथेच लेखक ‘एकीकडे परिणाम आहे, दुसरीकडे नाही’ असे लिहून मोकळा होतो. परंतु 0.28 चा 95 टक्के विश्वास-अंतराल −0.02 ते 0.58 आहे. या अंतरालात शून्य बसते, तसाच सरासरी आधाराच्या पातळीवरचा 0.60 च्या अगदी जवळ जाणारा उतारही बसतो. या विदेवरून ‘जास्त आधार असणाऱ्यांवर ताणाचा परिणाम होत नाही’ असे म्हणता येत नाही. तो परिणाम किती आहे हे तेथे पुरेसे नेमके कळलेले नाही, एवढेच म्हणता येते.

याची उलट बाजूही लक्षात घ्यावी. नमुना 200 ऐवजी 400 असता आणि गुणांक हेच राहिले असते, तर प्रमाण त्रुटी सुमारे 0.11 वर आली असती आणि जास्त आधाराचा उतारही सार्थक ठरला असता. तेव्हा दोन्ही उतार सार्थक असल्यामुळे मॉडरेशन नाही, असे कोणी लिहिले असते का? उतारांमधला फरक तर तसाच राहिला असता. हा फरक तपासणारी चाचणी एकच आहे आणि ती म्हणजे आंतरक्रियेच्या गुणांकाची. सिंपल स्लोप त्या गुणांकाचे वर्णन करतात, त्याची जागा घेत नाहीत. म्हणून निबंधात आधी −0.04, त्याचा विश्वास-अंतराल (−0.065 ते −0.015) आणि R² मधील भर द्यावी, आणि मगच उतारांकडे वळावे. आंतरक्रिया सार्थक नसतानाही ‘शोधक दृष्टीने’ उतार काढून त्यांतला एक सार्थक निघाला म्हणून चर्चा रंगवणे ही याच चुकीची दुसरी आवृत्ती आहे.

उतार काढताना होणारी चूक: चिन्ह उलटे लागणे

उतारांची प्रमाण त्रुटी हाताने काढण्यापेक्षा मॉडरेटरचे शून्य सरकवून तेच रिग्रेशन पुन्हा चालवणे सोपे पडते. R मध्ये ते असे होते:

```r
d$stress_c   <- d$stress  - mean(d$stress)
d$support_c  <- d$support - mean(d$support)
d$support_hi <- d$support_c - sd(d$support)
summary(lm(dep ~ stress_c * support_hi, data = d))
```

येथे `stress_c` समोर येणारा गुणांक म्हणजे जास्त आधाराच्या पातळीवरचा ताणाचा उतार. जास्त पातळीसाठी प्रमाण विचलन वजा करायचे असते, कारण त्यामुळे सरासरीच्या वर एक विचलन असलेली व्यक्ती नव्या चलावर शून्यावर येते. ‘जास्त’ म्हणजे ‘अधिक’ असे समजून येथे बेरीज केली की कमी आणि जास्त यांची अदलाबदल होते आणि निबंधाचा निष्कर्षच उलटा छापला जातो. ही चूक पकडण्याची खूण सोपी आहे: 0.60 − 0.04 × 8 हा हिशेब कागदावर करून 0.28 येते का ते पाहावे. शिवाय, शून्य कोठेही सरकवले तरी आंतरक्रियेचा गुणांक आणि त्याचे t-मूल्य बदलता कामा नये. ते बदलले असेल, तर बहुधा दोन रिग्रेशनमध्ये वेगवेगळ्या व्यक्ती गेल्या आहेत. ज्यांची माहिती अपुरी आहे त्यांना आधी वगळून मगच सरासरी आणि प्रमाण विचलन काढावे, म्हणजे हा घोळ होत नाही.

मध्यकावर नमुन्याचे दोन गट पाडून प्रत्येक गटात वेगळे रिग्रेशन चालवणे हा मात्र सिंपल स्लोप काढण्याचा मार्गच नाही. त्यात 31 आणि 47 गुणांच्या व्यक्ती एकसारख्या मानल्या जातात, 29 आणि 31 यांच्यात मात्र भिंत उभी राहते, आणि सलग मापन करून मिळवलेली माहिती वाया जाते.

‘मुख्य परिणाम’ वाचताना

वरच्या समीकरणातील 0.60 हा ताणाचा सर्वसाधारण परिणाम नाही. आधार शून्यावर, म्हणजे येथे सरासरीवर, असताना ताणाचा उतार किती, एवढेच तो सांगतो. सरासरी वजा न करता तेच रिग्रेशन चालवले, तर ताणाचा गुणांक 1.80 होतो आणि आधाराचा गुणांक −0.20 वरून +0.60 वर जातो. म्हणजे कच्च्या गुणांचे कोष्टक पाहणाऱ्याला आधारामुळे नैराश्य वाढते असे वाटेल. प्रत्यक्षात 1.80 हा उतार आधार 0 असलेल्या व्यक्तीचा आहे, आणि या श्रेणीवर 12 पेक्षा कमी गुण कोणालाच मिळू शकत नाहीत. +0.60 हे ताण 0 असतानाचे चित्र आहे. दोन्ही समीकरणांचे अंदाज, R² आणि आंतरक्रियेची चाचणी अगदी सारखी राहते. सरासरी वजा केल्याने चाचणी बळकट होत नाही. गुणांकांना वाचण्याजोगा अर्थ येतो. म्हणून सरासरी वजा केली की नाही, हे कोष्टकाच्या तळटीपेत लिहिलेच पाहिजे.

प्रमाणित गुणांक द्यायचे असतील, तर X आणि W आधी प्रमाणित करून मग त्यांचा गुणाकार करावा. SPSS च्या कोष्टकातील Beta या स्तंभात गुणाकाराचे पद स्वतंत्रपणे प्रमाणित केलेले असते, त्यामुळे त्या आकड्यावरून सिंपल स्लोप काढले तर ते चुकतात.

आलेख काय दाखवतो आणि काय लपवतो

ताण 14 आणि 26 असताना कमी आधाराच्या रेषेचे अंदाज 10.1 आणि 21.1 येतात, जास्त आधाराच्या रेषेचे 10.7 आणि 14.1. उभा अक्ष 10 ते 22 एवढाच ठेवला, तर दोन रेषा कात्रीसारख्या उघडलेल्या दिसतात. 0 ते 60 ठेवला, तर फरक जवळजवळ दिसेनासा होतो. माझ्या मते रेषांभोवती विश्वास-पट्टे आणि मागे प्रत्येक व्यक्तीचा फिकट बिंदू दाखवला, तर अक्षाविषयीचा हा वाद बराचसा मिटतो, कारण वाचकाला विदेचा विस्तार थेट दिसतो. दोन स्तंभांच्या जोड्या काढून सलग चलाला गटांचे रूप देऊ नये, आणि अक्षांवर ‘कमी’, ‘जास्त’ एवढेच न लिहिता मूळ गुण द्यावेत.

बिंदू दाखवण्याचा आणखी एक फायदा आहे. येथे ताण आणि आधार यांचा सहसंबंध ऋण असल्यामुळे भरपूर ताण आणि भरपूर आधार असलेल्या व्यक्ती थोड्याच असतात, आणि रेषेचे ते टोक मोजक्या लोकांवर उभे राहते. तसेच या रेषा ताणाच्या 15 गुणांवर एकमेकींना छेदतात. त्या छेदबिंदूच्या डावीकडील 0.6 गुणांच्या फरकावरून ‘ताण कमी असताना आधार घातक ठरतो’ असा परिच्छेद लिहिण्याचा मोह टाळावा.

एक प्रमाण विचलन ही पातळी केवळ संकेताने चालत आली आहे. आधाराचे वितरण एका बाजूला झुकलेले असून सरासरी 42 असती, तर +8 म्हणजे 50 गुण झाले असते, जे श्रेणीतच नाहीत. अशा वेळी 16, 50 आणि 84 हे शतमक वापरावेत, किंवा जॉन्सन आणि नेमन यांनी 1936 मध्ये मांडलेली पद्धत वापरून उतार कोठवर सार्थक राहतो ती सीमा काढावी. आपल्या उदाहरणात ती आधाराच्या 37.6 गुणांवर येते, आणि त्याच्या वर 200 पैकी 34 व्यक्ती आहेत. दुसरी सीमा 71.6 वर, म्हणजे श्रेणीच्या बाहेर असल्याने तिचा उल्लेख करण्याचे कारण नाही. ही 37.6 ची रेषा म्हणजे आधार पुरेसा होण्याचा उंबरठा मात्र नव्हे. नमुना मोठा झाला की तीच सीमा आणखी वर सरकते.

निबंधातील मजकूर साधारण असा असावा: ‘ताण आणि आधार यांची आंतरक्रिया सार्थक होती, b = −0.04, 95% विश्वास-अंतराल [−0.065, −0.015], t(196) = −3.20, p = .002, ΔR² = .04. आधार जितका जास्त, तितका ताण आणि नैराश्य यांचा संबंध क्षीण होता: आधार 22 असताना b = 0.92 [0.64, 1.20], 38 असताना b = 0.28 [−0.02, 0.58].’ कोणत्याही उताराला ‘परिणाम नाही’ असे लेबल येथे लावलेले नाही, आणि एकाच वेळी घेतलेल्या मापनावरून ‘संरक्षण देतो’ असा कार्यकारण दावाही केलेला नाही.

निबंध पाठवण्यापूर्वी X² आणि W² ही पदे घालून तेच रिग्रेशन एकदा पुन्हा चालवावे. ताण आणि आधार यांच्यात सहसंबंध असल्यामुळे ताणाचा वक्र परिणाम गुणाकाराच्या पदात आंतरक्रिया म्हणून उमटू शकतो. वर्ग घातल्यावर −0.04 शून्याकडे सरकत असेल, तर ते मजकुरात नोंदवावे. पुरवणीत X आणि XW यांच्या गुणांकांचे सहप्रचरण दिले (येथे 0.0001), तर मूळ विदा हाती नसतानाही वाचकाला हव्या त्या पातळीवरचा उतार आणि त्याची प्रमाण त्रुटी स्वतः काढता येते.