तीन-चार-पाच लावूनही घर गुण्याबाहेर? लाईनआउट करताना या चुका टाळा

लाईनआउट, म्हणजे जागेवर घराच्या रेषा आखणं, झाल्यावर मिस्त्री सांगतो, "गुण्यात घेतलंय, काळजी नको." फक्की पडते, दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो. पुढे फरशी बसायला लागली की भिंतीच्या एका टोकाला अख्खी टाईल बसते आणि दुसऱ्या टोकाला तिचीच तीन इंचांची पट्टी कापावी लागते. गुण्यात म्हणजे काटकोनात. तीन, चार आणि पाच अशा बाजूंच्या त्रिकोणात काटकोन मिळतो, त्या तीन-चार-पाचच्या गणितात काही खोट नसते. ते लावताना आणि तपासताना ठरावीक जागी गफलत होते.

उदाहरणासाठी समोरून २४ फूट आणि आत ३६ फूट असं घर धरू. समोरचा डावा कोपरा क, उजवा ख, मागचा उजवा ग आणि मागचा डावा घ.

पहिली चूक दोरी बांधण्याआधीच होते. प्लॉट काटकोनी आहे असं गृहीत धरून समोरच्या आणि बाजूच्या अशा दोन्ही हद्दींवरून अंतर मोजून खुंट्या ठोकल्या जातात. प्लॉटच्या हद्दी काटकोनात असतीलच असं नाही, गुंठेवारीतल्या प्लॉटच्या तर फारच क्वचित. तसं केलं तर घरही प्लॉटइतकंच तिरकं होतं. हद्दीवरून एकच रेषा घ्या, शक्यतो समोरची क-ख. बाकी सगळे कोपरे त्या एका रेषेवरून काढा. बाजूची हद्द तिरकी असेल तर हद्दीपासून मोकळं सोडायचं सामासिक अंतर जिथे सगळ्यात कमी पडतं तिथे मोजा आणि तेवढं तिथे भरतंय ना ते पाहा.

आता काटकोन. तीन फूट, चार फूट, पाच फूट असा छोटा त्रिकोण घेणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. टेप धरताना किंवा खूण करताना दोन सूत, म्हणजे पाव इंच, इकडेतिकडे होतंच. पाच फुटांच्या बाजूत ते दोन सूत चुकलं तर ३६ फुटांवरच्या मागच्या कोपऱ्यात पावणेचार इंच सरकतात. तेच १८-२४-३० चा त्रिकोण घेतला आणि तेवढंच दोन सूत चुकलं, तर मागे फरक पाच सुतांचा पडतो. चूक तितकीच, परिणाम सहापट कमी. म्हणून जागेत मावेल तेवढा मोठा त्रिकोण घ्या. आपल्या घराला १८-२४-३० अगदी चपखल बसतो: क पासून ख च्या दिशेने १८ फूट, घ च्या दिशेने २४ फूट, आणि त्या दोन खुणांमध्ये ३० फूट.

खुंटीच्या डोक्यावर खिळा ठोका आणि माप खिळ्यापासून खिळ्यापर्यंत घ्या. नुसत्या खुंटीवर कुणी आतल्या कडेला टेप धरतो, कुणी बाहेरच्या. दोरीसुद्धा प्रत्येक खिळ्याच्या मधूनच गेली पाहिजे. टेपचं टोक झिजलेलं असेल तर एक फुटाच्या खुणेपासून मोजतात, ते ठीकच आहे, पण मग तिन्ही बाजूंना तो एक फूट वजा झाला पाहिजे. एका बाजूला विसरला की त्रिकोणच बिघडला. कापडी टेप ताणला की लांबतो, या कामाला स्टीलचा टेप हवा.

चारही कोपरे लागले की कर्ण. इथे एक मोठा गैरसमज आहे: दोन्ही कर्ण सारखे आले की घर गुण्यात. तसं नाही. समोर २४ फूट आणि मागे चुकून २४ फूट ४ इंच झालं, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच वाढ वाटली गेली, तर दोन्ही कर्ण तंतोतंत सारखे येतात आणि एकही कोपरा काटकोनात नसतो. म्हणून आधी समोरासमोरच्या बाजू मोजा: क-ख आणि घ-ग सारख्या, क-घ आणि ख-ग सारख्या. मगच कर्णांच्या समान असण्याला अर्थ आहे. शिवाय कर्ण किती यायला हवा तो आकडा आधीच काढून ठेवा. २४ चा वर्ग ५७६, ३६ चा वर्ग १२९६, बेरीज १८७२, वर्गमूळ ४३.२७ फूट. वर सांगितलेल्या चुकीत दोन्ही कर्ण याहून इंचभर जास्त भरतील, म्हणजे चूक तिथेही पकडली जाते.

हा आकडा टेपवर लावताना जपा. ४३.२७ फूट म्हणजे ४३ फूट २ इंच आणि वर काही, असं नाही. दशांशाला १२ ने गुणायचं: ०.२७ गुणिले १२ म्हणजे साधारण ३.२ इंच. टेपवर ते ४३ फूट ३ इंच आणि दीड सूत.

समजा बाजू बरोबर आहेत, पण क-ग कर्ण ख-घ पेक्षा ३ इंच मोठा आला. मिस्त्री निम्मा फरक, दीड इंच, सरकवतो, तोही बहुतेकदा एकाच कोपऱ्यात. एकच कोपरा हलवला की आताच जुळलेल्या बाजू बिघडतात. ग आणि घ दोन्ही एकत्र, डावीकडे, सारखेच सरकवा. किती, तर कर्णांतला फरक गुणिले कर्ण, भागिले ज्या दिशेने सरकवायचं त्या बाजूची दुप्पट: ३ गुणिले ४३.२७, भागिले ४८, म्हणजे २.७ इंच. दीड इंचच सरकवलं तर जवळजवळ सव्वा इंचाचा फरक शिल्लक राहतो आणि मग "आता टेपच चुकतोय" अशी चर्चा सुरू होते. सरकवल्यावर चारही बाजू आणि दोन्ही कर्ण पुन्हा मोजायचे. एवढ्या घराला कर्णांतला फरक दोन सुतांच्या आत आला तर मी पुढे जायला सांगेन.

उताराच्या प्लॉटवर हे सगळं जमिनीला टेप टेकवून केलं तर फसवतं. घर गुण्यात आहे, पण जमीन समोरून मागे दोन फूट आणि आडवीही दोन फूट उतरते असं धरा. एक कर्ण चार फूट उतरतो, दुसरा जवळपास सपाट राहतो. जमिनीलगत मोजल्यावर त्यांच्यात सव्वादोन इंचांचा फरक दिसेल, आणि कुणीतरी बरोबर असलेले कोपरे हलवेल. उतार फक्त समोरून मागे असेल तर उलट फसगत होते: दोन्ही कर्ण सारखेच येतात, पण ३६ फुटांची बाजू प्रत्यक्षात पाच सूत आखूड पडलेली असते. टेप नेहमी आडवा, पाणसळीत धरा आणि खालच्या खुंटीवर ओळंबा सोडा. टेप मध्ये लोंबत असेल तर टप्प्याटप्प्याने मोजा, किंवा चारही कोपऱ्यांवरच्या आडव्या फळ्या लेव्हल ट्यूबने एका पातळीत आणून दोरीवरच मापं घ्या.

कोपऱ्यातल्या खुंट्या खोदाईत जाणारच. म्हणून प्रत्येक रेषा खोदाईच्या कडेपासून तीन-चार फूट बाहेर वाढवून तिथे पक्क्या खुंट्या आणि फळ्या ठोका, आणि फळीवर खाचा पाडून ठेवा, म्हणजे दोरी काढून पुन्हा त्याच जागी बसते. डंपर आणि जेसीबीच्या वाटेत त्या नसाव्यात. खोदाई संपल्यावर दोऱ्या पुन्हा बांधून कर्ण मोजा, आणि कॉलमच्या सळ्या उभ्या करण्याआधी पुन्हा एकदा. फळीला धक्का लागलेला असेल तर तो तेव्हाच दिसतो. तोवर दोरी हलवून भागतं, काँक्रीट पडल्यावर नाही.