पानथरी काढलेल्या रुग्णाची स्लाइड वाचताना या चुका टाळा

गेली अनेक वर्षे मी सोलापुरात रक्त तपासणीची लहानशी लॅब चालवते. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्यांवर ‘सीबीसी, एमपी’ यापलीकडे एक अक्षर नसते. रुग्णाचे वय आणि त्याला काय होते आहे हे लिहिण्याचा कंटाळा मी समजू शकते, पण पानथरी काढलेली आहे हे न लिहिणे मला समजत नाही, कारण त्या एका ओळीवर अख्ख्या स्लाइडचा अर्थ बदलतो.

डाव्या बरगड्यांखाली बसलेली, साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाची पानथरी, म्हणजेच प्लीहा, रक्ताची चाळणी करते असे शाळेत सगळेच शिकतात. मात्र ती चाळणी कशी चालते हे ठाऊक नसले की पुढच्या चुका होतात. तांबडी पेशी सात ते आठ मायक्रॉन रुंद असते. पानथरीच्या लाल गरातून पुन्हा शिरेत येण्यासाठी तिला एक-दोन मायक्रॉनहून मोठ्या नसलेल्या फटीतून स्वतःला पिळून काढावे लागते. तरुण पेशी लवचीक असल्यामुळे निसटते. सुमारे १२० दिवस झालेली पेशी मात्र ताठर झालेली असते आणि तिच्या पृष्ठभागावर म्हातारपणाच्या खुणा उमटलेल्या असतात, त्यामुळे ती अडखळते आणि शेजारीच दबा धरून बसलेल्या मॅक्रोफेज पेशी तिला गिळतात. तिच्यातले लोह परत वापरात जाते आणि उरलेल्या भागाचे बिलिरुबिन होऊन ते यकृताकडे जाते.

याच फटीत आणखी एक काम होते आणि आपल्याला त्याचेच महत्त्व आहे. पेशी धडधाकट असेल, पण तिच्या पोटात केंद्रकाचा एखादा तुकडा राहिलेला असेल, तर पेशी पुढे सरकते आणि तो कठीण तुकडा मागे अडकून तुटतो. जांभळातली बी काढून गर तेवढा पुढे द्यावा तसे हे काम आहे. अस्थिमज्जा असे तुकडे असलेल्या पेशी रोजच बाहेर सोडत असते. आपल्या स्लाइडवर त्या दिसत नाहीत, कारण पानथरी त्यांना साफ करून पाठवते. पानथरी काढली की काही दिवसांतच ते तुकडे दिसू लागतात आणि सहसा आयुष्यभर दिसत राहतात. अमेरिकेतले विल्यम हॉवेल आणि फ्रान्सचे जस्टिन जॉली यांच्या नावांवरून त्यांना हॉवेल-जॉली बॉडी म्हणतात.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे हा ठिपका ओळखता न येणे. एका उन्हाळ्यात माझ्याकडे नुकताच डिप्लोमा करून आलेला एक टेक्निशियन होता. मुलगा हुशार होता, हात चपळ होता, पण स्लाइडवरून उठण्याची घाई फार. सकाळी अकराच्या सुमारास यंत्रमागावर काम करणारे पस्तिशीतले एक गृहस्थ आदल्या रात्रीपासून हुडहुडी भरून ताप येतो म्हणून आले होते. वीस मिनिटांत टेबलावर रिपोर्ट आला : ‘मलेरियाचे परजीवी आढळले, रिंग अवस्था.’ सही करण्याआधी पॉझिटिव्ह स्लाइड स्वतः पाहायची ही माझी सवय असल्यामुळे मी ती तेलाच्या लेन्सखाली घेतली. तांबड्या पेशींत ठिपके होते हे खरे, पण प्रत्येक पेशीत एकच, काठाकडे सरकलेला, पूर्ण गोल आणि गडद जांभळा. मलेरियाच्या रिंगला लाल ठिपक्यासोबत निळसर द्रव्याचे कडे असते. इथे कड्याचा मागमूस नव्हता. शिवाय मधूनमधून नेमबाजीच्या निशाण्यासारख्या दिसणाऱ्या टार्गेट पेशी होत्या. पानथरी पेशींचे जास्तीचे आवरण छाटत असते, ती छाटणी थांबल्याची ही खूण.

मी बाहेर बाकावर बसलेल्या गृहस्थांकडे गेले आणि विचारले, “पोटाचं काही ऑपरेशन झालंय का तुमचं?”

“झालंय की, मॅडम. सहा वर्सं झाली. उसाच्या ट्रॉलीला गाडी धडकली हुती तवा पानथरी काढली. पण त्येचा तापाशी काय संबंध?”

संबंध असा की पानथरी नुसती म्हाताऱ्या पेशी टिपत नाही. न्यूमोकॉकससारखे कवचधारी जंतू रक्तातून उचलण्याचे कामही मुख्यतः तीच करते. ती नसलेल्या माणसाला सकाळी आलेली हुडहुडी संध्याकाळपर्यंत रक्तदाब कोसळण्यापर्यंत पोहोचू शकते. वैद्यकशास्त्राच्या हे नीट ध्यानात आले ते १९५२ मध्ये, किंग आणि शुमाकर यांनी पानथरी काढलेल्या पाच तान्ह्या मुलांमधल्या गंभीर संसर्गाची नोंद केली तेव्हा. त्याआधी हा अवयव नसला तरी चालतो असेच मानले जाई, आणि आजही पुष्कळ रुग्णांना घरी सोडताना तेवढेच सांगितले जाते.

मी जाड स्मिअर आणि मलेरियाचे कार्ड दोन्ही स्वतः पाहिले. दोन्ही निगेटिव्ह होते. मग रिपोर्ट छापण्याची वाट न पाहता फिजिशियनना फोन केला. त्यांनी कल्चरसाठी रक्त काढले आणि निकालासाठी न थांबता लगेच शिरेतून सेफ्ट्रिअॅक्सोन सुरू केले. दुसऱ्या दिवशी कल्चरमध्ये न्यूमोकॉकस उगवला. गृहस्थ अकराव्या दिवशी घरी गेले. त्यांना त्या सहा वर्षांत एकही लस मिळालेली नव्हती. तो पहिला रिपोर्ट बाहेर गेला असता, तर ते मलेरियाच्या गोळ्या घेऊन घरी झोपले असते.

त्या मुलाला मी रागावले नाही. त्याला फक्त चार स्लाइड शेजारी शेजारी लावून दिल्या आणि दुपारभर त्याच पाहायला सांगितल्या. पेशीवर बसलेली प्लेटलेट दाणेदार आणि फिकट जांभळी असते, तिच्याभोवती अनेकदा उजळ कडा दिसते आणि लेन्स जराशी हलवली की ती पेशीच्या वरच्या पातळीवर असल्याचे कळते. पॅपेनहायमर कण बारीक, वेडेवाकडे, सहसा एका कडेला घोळक्याने असतात आणि लोहाच्या रंगाने निळे होतात. रंगाचा साका चमकतो आणि पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेतही पडलेला असतो. हा शेवटचा सोलापूरकरांचा खास शत्रू आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना लेशमनचा रंग स्लाइडवर टाकून फोन घ्यायला गेलात, की परत येईपर्यंत मिथेनॉल उडून सगळीकडे ठिपकेच ठिपके. मी रंग दोन मिनिटांपेक्षा जास्त कोरडा ठेवत नाही, त्यावर दुप्पट बफरचे पाणी घालून सात-आठ मिनिटे थांबते आणि उन्हाळ्यात स्लाइडवर पेट्रीची बशी पालथी घालते. पंख्याखाली रंगवण्याचा शॉर्टकट ज्यांना आवडतो, त्यांनी निदान ठिपक्यांवरून निदान करू नये.

दुसरी चूक मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवण्याची. थॅलेसेमियाच्या, पानथरी काढलेल्या एका मुलीचा रिपोर्ट माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी आला, त्यात पांढऱ्या पेशी ४६,००० होत्या आणि घरच्यांना ‘ब्लड कॅन्सर असू शकतो’ असे सांगून झाले होते. साधे थ्री-पार्ट मशीन तांबड्या पेशी फोडते आणि उरलेली केंद्रके पांढऱ्या पेशी म्हणून मोजते. थॅलेसेमियात मज्जा केंद्रक असलेल्या अपक्व तांबड्या पेशी मोठ्या संख्येने बाहेर सोडते आणि त्यांना अडवणारी पानथरी नसली की त्या रक्तात फिरत राहतात. त्यांचीही केंद्रके मशीन पांढऱ्यांत धरते. मी स्लाइडवर शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या, तेवढ्या वेळात केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी १३० निघाल्या. मग हिशेब सोपा : ४६,००० ला १०० ने गुणायचे आणि १०० अधिक १३० म्हणजे २३० ने भागायचे. उत्तर २०,००० येते. हाही आकडा वाढलेला आहे, पण पानथरी काढल्यानंतर लिम्फोसाइट आणि मोनोसाइट कायमच थोडे वाढलेले राहतात, आणि तिच्या स्लाइडवर एकही ब्लास्ट पेशी नव्हती. हात मोजणीला लागलेली दहा मिनिटे त्या घराच्या चार रात्रींच्या झोपेपेक्षा नक्कीच स्वस्त होती.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. पानथरी गेली म्हणून म्हाताऱ्या पेशी रक्तात साचत जातात असे नाही. यकृतातल्या आणि मज्जेतल्या मॅक्रोफेज ते काम उचलतात, त्यामुळे निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन वाढून बसत नाही. ऑपरेशननंतर एक ते तीन आठवड्यांत प्लेटलेट दहा लाखांच्या घरात गेलेल्या पाहून थेट मज्जेच्या आजाराचे नाव घेऊ नये. एरवी एक तृतीयांश प्लेटलेट पानथरीतच मुक्कामाला असतात आणि आता तो मुक्कामच उरलेला नाही. मात्र आकडा सर्जनच्या कानावर घालावा, कारण गुठळीचा धोका त्यांनाच तोलायचा असतो. मलेरियाचा उपचार घेतलेल्या अशा रुग्णात औषधाने मेलेले परजीवीही पेशींतून उपटले जात नाहीत आणि स्लाइडवर जास्त दिवस दिसत राहतात. म्हणून तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे लिहू नये, रुग्णाचा ताप आणि परजीवींची संख्या दोन्ही पाहावे.

एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिथे ठिपका नसणे हीच बातमी असते. आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या आजारात पेशी जन्मतःच गोल आणि ताठर असतात, त्यामुळे तरुण असूनही फटीत अडकून मरतात. पानथरी काढली की पेशी गोलच राहतात, पण जगतात आणि हिमोग्लोबिन सुधारते. अशा एका बाईंचे हिमोग्लोबिन ऑपरेशननंतर काही वर्षे छान राहून पुन्हा घसरू लागले, डोळे पिवळे दिसू लागले. मी त्यांच्या जुन्या स्लाइड कपाटातून काढल्या. त्यांत हॉवेल-जॉली बॉडी मुबलक होत्या, नव्या स्लाइडवर शंभर फील्ड पाहूनही एक सापडली नाही. ठिपके साफ करणारे कोणीतरी पोटात पुन्हा कामाला लागले होते. मी रिपोर्टाखाली तेवढेच लिहिले. पुढे स्कॅनमध्ये पोटात उरलेली जोडपानथरी दिसली, आकाराने चांगली वाढलेली. अनेकांच्या पोटात अशी एखादी लहान गाठ जन्मापासून असते आणि ऑपरेशनच्या वेळी ती नजरेतून सुटू शकते. मात्र असा तुकडा जंतूंपासून पुरेसे संरक्षण देईलच असे धरून चालता येत नाही, त्यामुळे ठिपके नाहीसे झाले म्हणून लस किंवा तापातली घाई सोडायची नसते.

लसींबाबत माझ्याकडे येणारा प्रत्येक जण ‘ऑपरेशन झालं, आता काय उपयोग’ असे म्हणतो. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी निदान दोन आठवडे न्यूमोकॉकस, हिब आणि मेनिंगोकॉकसच्या लसी द्याव्यात. अपघातात अचानक पानथरी काढावी लागली तर ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी द्याव्यात. तेव्हा राहिल्या असतील तर वर्षांनंतरही देता येतात, आणि काहींचे डोस पुन्हा द्यावे लागतात. लॅबवाल्यांचे हे काम नाही असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ज्या स्लाइडवर मला हॉवेल-जॉली बॉडी दिसतात आणि चिठ्ठीवर पानथरीचा उल्लेख नसतो, तिच्या रिपोर्टाखाली मी लाल शाईने एक ओळ लिहिते : ‘पानथरी काढली आहे का, किंवा ती निकामी आहे का, हे विचारावे, असल्यास लसींची नोंद पाहावी, ताप असल्यास थांबू नये.’