पानाचे क्षेत्रफळ मोजताना या चुका टाळा : अर्ध्या चौकोनांआधी कड तपासा

पान आलेख कागदावर ठेवायचे, कड गिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. पूर्ण चौकोन एक धरायचा, अर्ध्याहून मोठा तुकडाही एक, नेमका अर्धा असेल तर अर्धा, आणि अर्ध्याहून लहान तुकडा सोडून द्यायचा. नियम मुलांना पाठ असतो. तरीही काजूच्या एकाच पानाचे क्षेत्रफळ एका गटाला ५८ चौसेमी मिळते आणि दुसऱ्याला ६५. मग "हा चौकोन अर्ध्याहून मोठा की लहान?" यावर वाद रंगतो आणि खोडरबर चालू लागतो. चूक मात्र बहुतेक वेळा त्या चौकोनांत नसतेच.

हे नीट कळायला तेच पान घेऊ. गोव्यात काजू कुठेही हाताशी मिळतो, पान जाड असते आणि कडेला दाते नसतात, म्हणून या प्रयोगाला ते फार चांगले. समजा पान १२ सेमी लांब आणि सर्वांत रुंद जागी ७ सेमी आहे. १ सेमीच्या चौकोनांवर ते नीट गिरवले तर साधारण असे मोजमाप येईल : पूर्ण चौकोन ४२, अर्ध्याहून मोठे १९, नेमके अर्धे २ आणि अर्ध्याहून लहान १७. म्हणजे ४२ + १९ + १ = ६२ चौसेमी.

कडेवर एकूण ३८ चौकोन आहेत. मोठे तुकडे पूर्ण धरल्याने थोडे क्षेत्रफळ जास्त मोजले जाते आणि लहान तुकडे सोडल्याने थोडे कमी. कडेवर चौकोन पुष्कळ असले की हे जास्त-कमी एकमेकांना बरेचसे फेडते. पडताळा हवा असेल तर तुकड्यांची विभागणी विसरा आणि कडेवरच्या सगळ्याच चौकोनांची निम्मी संख्या पूर्ण चौकोनांत मिळवा : ४२ + १९ = ६१. दोन्ही उत्तरे एका चौकोनाच्या फरकाने जुळली. इथे दोन-तीन चौकोनांपर्यंतचा फरक चालेल. सहा-सात चौकोनांचा पडला, तर कडेवरचे तुकडे मोठे-लहान ठरवताना किंवा मोजताना चूक झाली आहे. मोजलेल्या प्रत्येक चौकोनात टिंब देत गेले की एखादा चौकोन सुटणे किंवा दोनदा धरला जाणे टळते.

आता ६५ कुठून आले ते पाहू. पेन्सिल बोथट असेल किंवा बाहेरच्या बाजूला कलली असेल, तर रेषा पानाच्या कडेपासून सहज १ मिमी दूर पडते. १ मिमी ऐकायला क्षुल्लक वाटते. पण या पानाची कड फिरून मोजली तर सुमारे ३१ सेमी भरते. ३१ सेमी लांब आणि ०.१ सेमी रुंद अशी पट्टी पानाभोवती चिकटवली तर ३.१ चौसेमी वाढले. ६२ चे ६५ झाले ते असे. ही चूक अर्ध्या चौकोनांसारखी फिटत नाही, कारण ती सगळीकडे एकाच दिशेने होते. चौकोन मिलिमीटरचे घेऊन कितीही बारकाईने मोजले तरी ती कमी होणार नाही. चुकीचीच आकृती अधिक अचूक मोजली जाईल, एवढेच.

५८ ची गोष्ट उलटी. ते पान गिरवताना सपाट नव्हते. काजूच्या पानाची मधली शीर खालच्या बाजूला ठसठशीत असते. शीर कागदाकडे ठेवली की पान उचललेले राहते आणि कडा वर येतात. शीर वर करून गुळगुळीत बाजू कागदाला लावली तर पान अधिक चांगले बसते. तोडून बराच वेळ झालेले पान वळते, म्हणून ताजेच घ्यावे, पावसात भिजले असेल तर पुसून घ्यावे आणि बोटांनी दाबत दाबत पुढे सरकावे. सपाट करायला रात्रभर वहीत ठेवलेले पान मात्र घेऊ नका. सुकताना पान आक्रसते, आणि मग आपण वेगळ्याच मापाचे पान मोजत असतो.

दोन्ही चुका एकाच तपासणीत पकडता येतात, आणि ती चौकोन मोजण्याआधीच करावी. पान दाबून पट्टीने त्याची सर्वांत मोठी रुंदी घ्या. मग कागदावरच्या आकृतीची रुंदी त्याच जागी घ्या. पान ७ सेमी आणि आकृती ७.२ सेमी निघाली, तर दोन्ही बाजूंना पेन्सिल १ मिमी बाहेर गेली आहे. आकृती ६.५ सेमी निघाली, तर पान वळलेले होते. नुसत्या रुंदीतला एवढा फरक ६२ चे जवळजवळ ५८ करतो. अशी आकृती मोजत बसण्यात अर्थ नाही, ती पुन्हा काढावी.

कागदही पट्टीने तपासा. आलेख कागदाची झेरॉक्स काढली की माप किंचित बदलू शकते. दहा चौकोनांची लांबी १० ऐवजी ९.७ सेमी भरली, तर एक चौकोन १ चौसेमीचा राहत नाही, ०.९७ × ०.९७ म्हणजे सुमारे ०.९४ चौसेमीचा होतो. त्यावर ६६ चौकोन मोजले तर खरे क्षेत्रफळ ६२ चौसेमी. हा कागद फेकण्याची गरज नाही, उत्तराला ०.९४ ने गुणले की झाले. मात्र उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी मोजून पाहा, दोन्हीकडे माप सारखेच बदललेले असेल असे नाही.

अर्ध्या चौकोनांचा नियम खरोखर कोसळतो तो अरुंद पानात. भाताच्या पानाचा १० सेमी लांब तुकडा घ्या, त्याची रुंदी सर्वत्र ०.८ सेमी आहे असे समजा. खरे क्षेत्रफळ ८ चौसेमी. हा तुकडा एका उभ्या रेषेवर मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंच्या प्रत्येक चौकोनात ०.४ भाग येतो. सगळे तुकडे अर्ध्याहून लहान, म्हणून नियमाने उत्तर शून्य! तोच तुकडा थोडा सरकवून एकाच रकान्यात बसवला तर प्रत्येक चौकोन ०.८ भरतो आणि उत्तर १० येते. इथे जास्त-कमी एकमेकांना फेडत नाही, कारण सगळे चौकोन सारखेच कापले गेले आहेत. तुकडा तिरका ठेवला तर परिस्थिती थोडी सुधारते, पण खरा उपाय मिलिमीटरच्या चौकोनांचा. ८ रकाने, प्रत्येकात १०० चौकोन, असे ८०० बारीक चौकोन. भाताचे पान तोडल्यावर लवकर गुंडाळते, तेव्हा ते शेतातून आणून ठेवण्यापेक्षा तिथेच गिरवलेले बरे.

बारीक चौकोनांत आणखी एक चूक वारंवार दिसते : ८०० ला १० ने भागून ८० चौसेमी लिहिणे. एका सेंटिमीटरच्या चौकोनात १० × १० म्हणजे १०० बारीक चौकोन असतात, म्हणून भागायचे १०० ने. लांबी गुणिले रुंदी हा साधा आयत मनात ठेवला तर असे उत्तर लगेच खटकते, कारण १० × ०.८ सेमीच्या तुकड्याचे क्षेत्रफळ ८० असूच शकत नाही. काजू किंवा आंब्यासारख्या पानाचे क्षेत्रफळ साधारणपणे या आयताच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांशाच्या आसपास येते. आपल्या पानाचा आयत १२ × ७ = ८४, आणि ६२ हे त्याच्या पाऊण भागाच्या जवळ बसते.

पातोळ्यांसाठी आणलेले हळदीचे पान कागदात मावत नाही. ते घडी घालून गिरवू नका. मध्ये सरळ कापा, दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कागदांवर कापलेली कड छापील रेषेला लावून ठेवा आणि बेरीज करा. कापलेल्या बाजूला मग तुकडे-चौकोन येतच नाहीत. देठ धरायचा की नाही हे आधी ठरवून सगळ्या गटांना सांगा. केवळ पात्याचे क्षेत्रफळ हवे असेल तर देठ पाते सुरू होते तिथे कापूनच पान कागदावर ठेवा.