बँकेला एक, कॅफेला चार: इमोजी मोजायला शिकलो त्याची गोष्ट

जळगावच्या एका छोट्या एजन्सीत लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्याकडे सोशल मीडियाची दोन खाती आली. एक सहकारी बँक आणि दुसरं कॉलेजजवळचं कॅफे. दोन्हीकडच्या पोस्ट मीच लिहायचो, कमेंटना उत्तरंही मीच द्यायचो, आणि हात एकच असल्यामुळे दोन्हीकडे सारखंच लिहायचो.

मग एक तारखेला बँकेचं अ‍ॅप सकाळपासून बंद पडलं. पगाराचा दिवस. कमेंटवर कमेंट यायला लागल्या आणि मी प्रत्येकाला तेच उत्तर चिकटवत गेलो: ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत 😊’. थोड्याच वेळात एका ग्राहकाने अहिराणीत लिहिलं, ‘मना पैसा अटकी गयात, नि तुम्ही हासी ऱ्हायनात?’ त्याखाली लोकांनी जे काही लिहिलं ते इथे नको. संध्याकाळी बँकेच्या साहेबांचा फोन आला. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, ‘यापुढे एकही चित्र नको.’

त्यानंतर बँकेची दिवाळीची पोस्टसुद्धा जप्तीच्या नोटिशीसारखी दिसायला लागली. इकडे कॅफेवाले भाऊ एका कोल्ड कॉफीच्या पोस्टमध्ये अकरा इमोजी घालायला लावायचे. दोघांसाठी लेखी नियम करायची वेळ आली, आणि माझ्या वाट्याला पहिली ब्रँड व्हॉइस गाइड, म्हणजे खात्याने कसं बोलायचं याची नियमावली, आली.

नवीन माणूस इथे हमखास एक चूक करतो, मीही केली. ‘बँक गंभीर, कॅफे मजेशीर’ असं पहिल्या पानावर लिहून मोकळा झालो. माझ्या सीनियर ताईंनी ते पान परत दिलं. म्हणाल्या, ‘यावरून उद्या आलेल्या कमेंटला काय लिहायचं ते कळतंय का?’ नव्हतंच कळत. मग त्यांनी मागच्या तीन महिन्यांचं सगळं लिखाण एका शीटमध्ये उतरवायला लावलं. पोस्ट वेगळ्या, उत्तरं वेगळी, आणि प्रत्येकापुढे एकच रकाना: समोरचा माणूस हे वाचत असताना कोणत्या अवस्थेत आहे?

शीट भरताना उलगडा झाला. बँकेच्या पानावर माझं बहुतेक लिखाण उत्तरांचं होतं, आणि ती उत्तरं अडकलेल्या माणसांसाठी होती. कुणाचं कार्ड मशीनमध्ये राहिलेलं, कुणाचा हप्ता दोनदा कापलेला. कॅफेला लिहिणारे बहुतेक जण ‘आज किती वाजेपर्यंत चालू आहे’ एवढंच विचारत होते. म्हणून आकडा धंद्यावरून न ठरवता प्रसंगावरून ठरवला.

बँकेच्या माहितीच्या पोस्टला एक इमोजी, तोही वेळ किंवा पत्ता दाखवायला, म्हणजे 🕙 किंवा 📍. सणाच्या पोस्टला दोन. तक्रार, अ‍ॅप बंद, फसवणुकीचा इशारा आणि शोकसंदेश यांना शून्य. ग्राहकाने स्वतःहून आभार मानले तर उत्तरात एक 🙏. व्याजदराच्या पोस्टलाही शून्य, कारण दराशेजारी 🚀 ठेवलं की शब्दांत न दिलेलं आश्वासन चित्र देऊन टाकतं. 💸 तर कुठेच नाही. त्या नोटांना पंख आहेत, पैसे उडून चाललेत. ठेवीच्या जाहिरातीत हे कुणाला हवंय?

कॅफेच्या पोस्टला चारपर्यंत, उत्तराला एक. पण कॉफीत केस सापडल्याची तक्रार आली तर तिथेही शून्य. या एका ओळीत बँक आणि कॅफे शेजारी बसतात.

भाऊंनी विचारलं, ‘चारच का? सहा का नाही?’ रास्त प्रश्न होता. मी फोनवर टॉकबॅक चालू करून त्यांची जुनी पोस्ट त्यांना ऐकवली. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फोन स्क्रीन वाचून दाखवतो, आणि त्यात प्रत्येक इमोजीचं नावही उच्चारतो. अकरा चित्रांच्या नावांची आरती संपेपर्यंत कॉफीची किंमत काही येईना. भाऊ हसले आणि चारवर आले. त्यातूनच दोन पोटनियम निघाले: तेच चित्र लागोपाठ तीनदा टाकायचं नाही, आणि चित्र वाक्याच्या मध्ये न घालता ओळीच्या शेवटी ठेवायचं. चार हा काही शास्त्रातला आकडा नाही. तुमच्या खात्याची पोस्ट कानाने ऐका आणि कंटाळा कुठे सुरू होतो ते बघा.

संख्या पाळूनही फसायला होतं, ते हिवाळ्यात कळलं. कॅफेने भरीत-पुरीचा बेत ठेवला होता. पोस्टमध्ये एकच इमोजी, 🍆. नियमात बसणारं. जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय मानांकन आहे, त्यामुळे मला तर अभिमानच वाटत होता. पण कमेंटमध्ये कॉलेजची पोरं फिदीफिदी हसायला लागली. ऑनलाइन जगात या वांग्याचा अर्थ भलताच आहे. इन्स्टाग्रामने 2015 मध्ये या इमोजीचा हॅशटॅग शोधण्यावर बंदी घातली होती. केळ्याचाही अर्थ तसाच भलता, म्हणजे आपल्या खान्देशाची दोन्ही पिकं बाद. गाइडमध्ये ‘वापरू नये’ असं एक वेगळं पान जोडलं आणि भरताला 🔥 दिलं. भरताची वांगी कपाशीच्या सुकलेल्या काड्यांवर भाजतात, तेव्हा ते शोभलंही.

बँकेच्या त्याच पानावर सगळ्यात वर ✅ आहे. तोतया खाती नावापुढे हे चिन्ह लावून पडताळणी झाल्याचा भास निर्माण करतात, आणि बँकेला तक्रार करणाऱ्या ग्राहकाला आधी तेच गाठतात. बँकेच्या खऱ्या उत्तरात हे चिन्ह कधीच येत नसेल, तर ‘आमच्या उत्तरात ✅ नसतं’ असं ग्राहकांना सांगता येतं. फसवणुकीच्या इशाऱ्यातून आम्ही ⚠️ देखील काढलं ते याच कारणाने. ‘केवायसी आजच करा’ असं धमकावणाऱ्या मेसेजात ते ठासून भरलेलं असतं.

एसएमएस हे निराळंच प्रकरण. दिवाळीला साहेबांनी इंग्रजी शुभेच्छांच्या शेवटी एक पणती मागितली. मेसेज 140 अक्षरांचा होता. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, म्हणजे एकाच मेसेजचे पैसे. पण एक इमोजी आला की अख्खा मेसेज युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा 70 वर येते; लांब मेसेजचे तुकडे पडतात तेव्हा एका तुकड्यात 67 च. पणती स्वतः दोन अक्षरांची जागा खाते. एकूण 142 झाले, दोन तुकड्यांत मावतात 134. म्हणजे तीन मेसेजचे पैसे, आणि तेही प्रत्येक खातेदारामागे. मेसेजचा ठरलेला मजकूर, म्हणजे टेंप्लेट, अजून नोंदवायला पाठवलं नव्हतं म्हणून निभावलं. मराठी एसएमएस मुळातच युनिकोडमध्ये जातो, त्याला हा धक्का बसत नाही. तिथे फक्त पणतीची दोन अक्षरं मोजायची.

गाइड दर तीन महिन्यांनी उघडतो, शीट पुन्हा भरतो. मागच्या खेपेला बँकेच्या यादीतून 👍 काढलं. एका आजोबांनी शाखेतल्या शिपायाबद्दल चार ओळींत कौतुक लिहिलं होतं, आणि आमच्या नव्या मुलीने खाली नुसता अंगठा टेकवला होता. त्यांना ते ‘बरं, कळलं, निघा’ असं वाटलं. साहेबांना हे अजून पटलेलं नाही. नियम बदलल्याचा मेल मी त्यांना पाठवला, त्यावर त्यांचं उत्तर आलं: 👍