गणपतीत सूनबाई एकटी का राबते?

आमच्याकडे डोंबिवलीला दीड दिवसाचा गणपती असतो आणि गेल्या वर्षीपर्यंत सगळं माझ्या बायकोवरच पडायचं, आम्ही आपले "काही मदत हवी का गं?" विचारून हॉलमध्ये बसायचो. पण मदत विचारली की काय करायचं, कधी करायचं हे तिनेच सांगायचं, म्हणजे डोक्याचा ताप तिचाच ना!

यंदा मदत नाही, अख्खं खातंच वाटून घेतलं. चहापाणी भावाकडे, म्हणजे दूध किती लागेल, आदल्या रात्री आणायचं कोणी, कप विसळायचे कोणी, हे सगळं त्याचंच, तिला एकदाही विचारायचं नाही. भांडी आणि ओटा माझ्याकडे. आईने मोदकाची उकड काढली, पण नैवेद्याच्या २१ मोदकांपुरतीच, पाहुण्यांसाठीचे मोदक ओळखीच्या काकूंकडे आठवडाभर आधी सांगून ठेवले (ऐन वेळी कोणी घेत नाही हां). आणि ग्रुपवर टाकलं, दर्शनाला संध्याकाळी ५ ते ८ या, प्रसाद आणि चहा असेल. जेवायला फक्त घरचे बारा जण.

पहिल्या दिवशी गडबड झालीच, भावाचं दूध साडेसहालाच संपलं आणि बायको सवयीने उठली, आईनेच तिला खाली बसवलं. तो धावत डेअरीत गेला, पाहुणे दहा मिनिटं थांबले, काही बिघडलं नाही. तिने उठून सावरलं असतं तर चहा परत तिच्याच गळ्यात पडला असता.