लग्नपत्रिकेचा मजकूर लिहून द्यायचा आहे? आधी हे विचारा

‘मुलाचं लग्न ठरलंय, पत्रिकेचा मजकूर लिहून द्या’ एवढ्याच निरोपावर लिहायला बसू नका. त्यातून घरचा रिवाज कळत नाही. अंदाजाने वर ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’ घातले आणि घर बौद्ध निघाले, तर पहिलीच ओळ त्या घराची राहत नाही.

पहिला प्रश्न विचारा: पत्रिका कोणाकडून निघते आहे? वरपक्षाच्या पत्रिकेत सहसा मुलाचे नाव आधी येते आणि खाली निमंत्रक म्हणून त्याच्या घरचे असतात. एकत्र पत्रिका असेल तर नावांचा क्रम दोन्ही घरांनी ठरवावा. मग त्या घरातल्या मागच्या लग्नाची पत्रिका मागा. कुलदैवताचे नाव, मंगलाचरण, ‘शुभविवाह’ की ‘मंगल परिणय’, हे सगळे तिच्यात आयते मिळते. पुष्कळ प्रश्न वाचतात.

नावांवर मात्र सावकाश थांबा. आजोबा हयात आहेत का, हे विचारायला अवघड वाटते; पण ‘कै.’ चुकून लागले किंवा राहून गेले, तर घरच्यांना ते फार लागते. विधवा आजींच्या नावाआधी ‘गं. भा.’ हवे की ‘श्रीमती’, हे त्यांनाच विचारावे. मी ‘श्रीमती’ सुचवते. मुलीला ‘चि. सौ. कां.’ लावायचे का, हे मुलीने सांगावे.

भाषा पाहुण्यांवरून ठरते. समजा, मुलगा कोल्हापूरचा, मुलगी धारवाडची आणि तिच्याकडचे कन्नड बोलणारे. अशा वेळी मराठीचे शब्दशः कन्नड करू नका. कन्नड बाजू त्यांच्याच घरातल्या कोणाकडून त्यांच्या रीतीने लिहून घ्या. तारीख, वेळ, स्थळ तेवढे दोन्हीकडे जुळवून पाहा.

भाषेचा बाज ठरवायला दोन ओळी लिहून दाखवा: ‘आपण सहकुटुंब उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही विनंती’ आणि ‘आमच्या आनंदात सहभागी व्हायला नक्की या’. घरचे लगेच एकीवर बोट ठेवतात.

शेवटी कार्यक्रम. 12.35 ही वेळ अक्षतांची की पाहुण्यांनी पोहोचण्याची, ते स्पष्ट करून घ्या. हळद, सीमांतपूजन सगळ्यांना की फक्त घरच्यांना? स्वागत समारंभ दुसऱ्या गावी असेल तर त्याचा पत्ता वेगळा लिहा. तारखेचा वार दिनदर्शिकेत स्वतः पाहा.

मग कच्चा मजकूर असा पाठवा:

आमचे येथे श्रीकृपेकरून
चि. ____
(श्री. व सौ. ____ यांचे ज्येष्ठ सुपुत्र)
आणि
चि. सौ. कां. ____
(श्री. व सौ. ____, धारवाड यांची कनिष्ठ कन्या)
यांचा शुभविवाह ____वार, दि. ____ रोजी दुपारी 12.35 वाजता योजिला आहे.
विवाहस्थळ: ____

न कळलेली जागा रिकामीच ठेवा. छपाईआधी दोन्ही घरांतल्या एकेका वडीलधाऱ्याकडून नावांचे शुद्धलेखन लेखी तपासून घ्या, फोनवर नको.